नमुना तीन, सगळा वापरावा

संस्थेत त्यांना सगळे भोपळेसर म्हणत. नव्याने आलेल्यांना ते आडनाव वाटे आणि जुन्यांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही. भोपळ्याच्या वेलावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडते. काही वाणांवर ती पडत नाही, ती का पडत नाही हे शोधण्यात सरांची वीस वर्षं गेली होती. भुरी अजून पडत होती. त्यांच्या आईचं म्हणणं असं की आमचा मुलगा डॉक्टर झाला खरा, पण पेशंट सगळे भोपळे, त्यामुळे तक्रार अशी कधी आली नाही.

सरांचं दुसरं कौशल्य म्हणजे सिक्वेन्सिंग केंद्राला मेल लिहिणं. डीएनए वाचणारी यंत्रं महाग असतात, ती प्रत्येकाच्या दारात नसतात. म्हणून डीएनए छोट्या नळीत घालून, बर्फात बसवून केंद्राकडे पाठवायचं आणि सोबत मेल करायचा. या मेलमध्ये माणसं चुका करतात. नमुना कशाचा आहे ते सांगायचं विसरतात, किती आहे ते अंदाजाने ठोकतात आणि मग सहा आठवड्यांनी केंद्राच्या नावाने खडे फोडतात. सरांच्या मेलमध्ये सगळं असे. विभागातली इतर मंडळी त्यांचा जुना मेल घेऊन त्यात भोपळ्याच्या जागी आपापलं पीक घालत. एकाने घाईत ते घातलं नाही, तर केंद्राने त्याच्या मिरचीचा अहवाल भोपळा म्हणून पाठवला.

केंद्रात हे मेल वाचणाऱ्या बाई लायब्ररी विभागाच्या प्रमुख होत्या. डीएनए सरळ यंत्रात जात नाही. त्याचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना यंत्राला ओळखता येतील असे ठरावीक पट्टे चिकटवायचे, की झाली लायब्ररी. सरांनी बाईंना कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. घरी त्यांचा उल्लेख 'लायब्ररीवाल्या बाई' असा होई. आई एकदा म्हणाली होती, "इतकी वर्षं पाठवतोयस त्या बाईला, एकदाही काही परत आलेलं बघितलं नाही मी."

तर अशा या सरांची धाकटी बहीण. छापखान्यात प्रुफं तपासायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, कमी बोलणारा, आणि बोललाच तर लिफ्टबद्दल. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी तिला दिवस गेले होते, आणि सातव्या महिन्यात मुलगी पोटातच गेली. बाळाच्या अंगभर पाणी भरलं होतं, एवढंच डॉक्टरांना सांगता आलं. त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढला नाही, म्हणजे रोज प्रत्येकाने न काढता काढला. नाव ठेवलेलं नव्हतं. निदान कुणाला ठाऊक नव्हतं.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते, चाळिशीला टेकल्यावर. आनंदाची बातमी तिने भावाला फोनवर अशा आवाजात दिली की त्याने आधी विचारलं, "आईला काही झालंय का?"

रुग्णालयात आनुवंशिक आजारांचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी धाकटी, तिचा नवरा आणि सर अशा तिघांना समोर बसवून कागदावर गोल आणि चौकोन काढले. पहिल्या बाळाच्या बाबतीत दोन शक्यता होत्या. एक, आई आणि बाप दोघांकडे एकाच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असेल आणि बाळाला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या असतील. तसं असेल तर प्रत्येक खेपेला चारात एक. दोन, बिघाड त्या बाळातच नव्याने झाला असेल. तसं असेल तर तो पुन्हा होण्याची शक्यता नगण्य. कुठलं खरं ते पहिल्या बाळाचं डीएनए वाचल्याशिवाय कळणार नाही. बिघाड सापडला, तर आताच्या बाळाभोवतालचं पाणी थोडं काढून तोच बिघाड आहे का ते नेमकं तपासता येईल. नाही सापडला, तर दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायची आणि पाणी भरतंय का ते बघत राहायचं.

"बाळाचं काही ठेवलेलं आहे का?" त्यांनी विचारलं.

धाकटीने कपाटात ठेवलेल्या लोकरीच्या टोपीचा विचार केला असावा, कारण ती काहीच बोलली नाही. डॉक्टरीणबाईंना ऊतक, म्हणजे शरीराचा एखादा तुकडा, म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, तळमजल्यावर विचारा, वारेचा एखादा ठोकळा असेल.

तळमजल्यावर ऊतकांचे काप काचेवर घेऊन भिंगाखाली बघणारे स्लाइडवाले डॉक्टर बसत. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. मेण घालून गोठवलेले ऊतकांचे चौकोनी ठोकळे तिथे खणाखणांतून वर्षानुवर्षं रचलेले असतात. पुष्कळ शोधून एक मिळाला. बाकीचे जागेअभावी निकाली निघाले होते. आगपेटीहून लहान, पांढरट मेण, आत बोटाच्या नखाएवढा करडा तुकडा, तोही आधी कापून कापून पातळ झालेला. आईची सही लागत होती. धाकटीने केली.

"स्लाइडही देऊ का बघायला?" डॉक्टरांनी सरांना विचारलं होतं. "रंगवलेली आहे. काय कुठे आहे ते दिसतं."

"नको," सर म्हणाले होते. "आम्हाला फक्त डीएनए हवंय."

ठोकळा सरांच्या प्रयोगशाळेत न्यायचा होता. कुरिअरची पिशवी सरांकडे होती, पण धाकटी म्हणाली, मी घेते. बसमध्ये खिडकीतून ऊन येत होतं आणि सरांनी सवयीने सांगितलं की मेण आहे, उन्हात धरू नको. मग ती सगळा रस्ता ठोकळा मांडीवर ठेवून त्यावर तळहाताची सावली करून बसली. खिडकीकडची जागा बदलून घेऊ, असं मेहुणे म्हणाले. ती उठली नाही. उतरताना तिने एका हाताने दांडी धरली आणि दुसरा हात तसाच ठेवला, जसा लहान मूल घेऊन उतरताना बायका ठेवतात. सरांनी दुसरीकडे पाहिलं.

संस्थेच्या दाराशी तिने ठोकळा त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "यावर तिचं काय लिहिणार तू?"

"नमुना तीन."

"बरं," ती म्हणाली.

सरांनी स्वतः काम केलं. मेण विरघळवलं, राहिलेला सगळा तुकडा खरवडून घेतला, कण सोडला नाही. डीएनए निघालं ते थोडं आणि फाटकं. मेणाआधी फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेल्या ऊतकाचं असंच होतं, त्यात डीएनएचे धागे तुटतात आणि काही अक्षरं आपली रूपं बदलतात. मग ते मेल लिहायला बसले. मेल दोन दिवस चालला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचून खाली आपली सही जोडली आणि म्हणाल्या की इतका स्वच्छ मेल आपण आयुष्यात पाहिला नाही.

"बाई, नमस्कार. या वेळी भोपळे नाहीत.

तीन मानवी नमुने पाठवत आहे. एक, आई. दोन, वडील. दोन्हींचं डीएनए रक्तातून काढलेलं, भरपूर आणि अखंड. तीन, त्यांचं अपत्य. मेणाच्या ठोकळ्यातल्या वारेच्या ऊतकातून काढलेलं. एकूण १८० नॅनोग्रॅम, डीएनएला चिकटणारा चमकणारा रंग वापरून मोजलेलं. तुकडे सरासरी दोनशे अक्षरांचे. नमुना परत मिळणं शक्य नाही.

माझे प्रश्न असे. पहिला, लायब्ररीबद्दल. तुकडे आधीच लहान आहेत, तेव्हा नमुना तीन नव्याने तोडू नये असं मला वाटतं. फॉर्मॅलिनने झालेली इजा दुरुस्त करणारी पायरी आधी घ्याल का? आणि डीएनए इतकं कमी असताना प्रती वाढवण्याच्या फेऱ्या किती ठेवाल? फेऱ्या जास्त झाल्या की एकाच तुकड्याच्या प्रती वाढतात, हे आपण जाणताच. दुसरा, खोलीबद्दल. जनुकांचा प्रथिनं घडवणारा भागच वाचायचा आहे. आईवडिलांसाठी प्रत्येक अक्षर सरासरी शंभरदा आणि नमुना तीनसाठी दीडशेदा वाचलं तर पुरे होईल का? तिसरा, वेळ. तुमचे नेहमीचे सहा आठवडे या वेळी आमच्याकडे नाहीत. आईला चौथा महिना लागेल. तीन आठवड्यांत शक्य आहे का?

नमुना तीन सगळा वापरावा. राखून ठेवू नये."

संध्याकाळी बहिणीकडे जाऊन त्यांनी मेलचा अर्थ सांगितला. खोली म्हणजे काय ते तिला लगेच कळलं. यंत्र चुका करतं म्हणून एकच अक्षर पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचं, म्हणजे प्रूफच की. ती म्हणाली, आमच्याकडे तीनदा वाचतात तरी चूक मुखपृष्ठावरच राहते. दीडशेदा वाचल्यावर काय बिशाद आहे. बऱ्याच दिवसांनी ती हसली. मेहुण्यांनी फक्त एवढंच विचारलं की आत नक्की तीच आहे ना. आमच्यात लिफ्ट अडकली की हत्यार उचलायच्या आधी विचारतात, आत कोण आहे.

"ठोकळ्यावर नंबर आहे, हिचं नाव आहे. रुग्णालयाने दिलाय," सर म्हणाले. मेहुण्यांनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाशी किती बोलायचं, हे ते जाणून होते.

बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. नमुना तीन तोडणार नाही, दुरुस्तीची पायरी घेऊ, फेऱ्या शक्य तितक्या कमी ठेवू. दीडशे पुरेल. तीन आठवड्यांचं वचन देता येत नाही, पण मी स्वतः बघते. आणि शेवटी एक ओळ, जी त्या कधी लिहीत नसत: सगळं चांगलं होवो. नळ्या बर्फात बसून रवाना झाल्या. धाकटीने पंचांगातले नव्हे, भिंतीवरच्या कॅलेंडरचे दिवस खोडायला सुरुवात केली.

पुढच्या आठवड्यात एक नवीन विद्यार्थिनी सरांच्या हाताखाली आली. हुशार, घाईची. भोपळ्याच्या बियांतून डीएनए काढायचं होतं. तिने बिया मोजून सरळ दळण्याच्या नळ्यांत टाकल्या.

"टरफल काढलंस का?" सरांनी विचारलं.

"सर, पातळ तर आहे."

"पातळ असो नाहीतर जाड," सर म्हणाले. हे वाक्य ते दरवर्षी म्हणत, दर तुकडीला, त्याच सुरात. "टरफल आईचं असतं. आतला गर तेवढा लेकराचा. टरफलासकट दळलंस तर तुला लेकरू नाही सापडायचं, सापडेल ती..."

एवढं बोलून ते थांबले. पोरगी वाट बघत राहिली. तिला वाटलं, सरांना शब्द आठवत नाही. ती मदत म्हणून म्हणाली, "आई."

सरांनी तिच्या हातातली बी घेतली, नखाने टरफल सोललं, गर नळीत टाकला आणि टरफल तळहातावर धरून खोलीबाहेर गेले. वार ही एकट्या बाळाची नसते. ती बाळ आणि आई यांच्या सीमेवर असते, एक बाजू याची, एक बाजू तिची. हे ते वाचून होते. सोलायला हवी होती. स्लाइड भिंगाखाली धरली असती, तर कुठला पट्टा बाळाचा ते डॉक्टरांनी पेनने गोल करून दिलं असतं, आणि तेवढाच खरवडता आला असता. त्यांनी मात्र सगळं घेतलं होतं, कण न सोडता, आणि मोजून, जोखून, स्वच्छ मेलसह पाठवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही, कारण समोर शास्त्रज्ञ होता. केंद्राने विचारलं नाही, कारण मेलमध्ये 'अपत्य' लिहिलं होतं.

त्यांनी मेल लिहिला. वीस वर्षांत पहिल्यांदा नमस्कार न घालता: नमुना तीन थांबवा, अर्धा तरी राखा, त्यात आईचं ऊतक मिसळलेलं असू शकतं.

उत्तर तासाभरात आलं. लायब्ररी परवाच झाली होती. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सगळा नमुना वापरला. बाईंनी मार्ग सुचवला होता: दीडशेदा वाचायच्या आधी तिन्ही लायब्रऱ्या थोड्याथोड्या वाचून घेऊ आणि तीनमध्ये बापाच्या बाजूचं किती दिसतं ते मोजू. बाळ असेल तर त्याचं अर्धं डीएनए बापाकडचं असणारच. बापाचं जेवढं कमी दिसेल, तेवढं बाळ कमी. बाळ मुलगा असता तर आईकडे नसलेलं वाय गुणसूत्र मोजता आलं असतं, ते आणखी सोपं होतं, असंही त्यांनी लिहिलं होतं. तो नव्हता.

मधले दिवस सर बहिणीकडे गेले नाहीत. कामाचं कारण सांगितलं. आई म्हणाली, भोपळ्यांना एवढी घाई कशाची.

मग बाईंचा फोन आला. आवाज सरांनी कल्पिलेल्यापेक्षा बराच म्हातारा होता.

"सर, मेलवर लिहवेना म्हणून फोन केला. नमुना तीनमधल्या शंभर तुकड्यांतले चौऱ्याण्णव नमुना एकचे आहेत."

"आणि सहा?"

"सहा बाळाचे."

सरांनी विचारलं की खोली वाढवली तर. दीडशेऐवजी हजार. पैसे ते भरतील, त्याची चिंता नको.

"सर, सहात बापाकडून आलेलं अर्धं. म्हणजे शंभरदा वाचलं तर एखादं अक्षर तीनदा दिसेल. फॉर्मॅलिनच्या चुकाही तीनदा दिसतात. कोणतं बाळाचं आणि कोणतं फॉर्मॅलिनचं, मी सांगू नाही शकत. आणि हजारदा वाचायला तेवढे वेगळे तुकडे आहेत कुठे लायब्ररीत? तेच तुकडे फिरून फिरून येतील. हे तुम्हीच मला लिहिलं होतंत एकदा. भोपळ्यांबद्दल."

"हो," सर म्हणाले. "लिहिलं होतं."

"दुसरं ऊतक आहे का काही?"

त्यासाठी ते तळमजल्यावर गेले. स्लाइडवाल्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, जुनी स्लाइड शोधून भिंगाखाली लावली आणि बाजूला सरकले. जवळजवळ सगळा तुकडा सपाट गुलाबी होता, मोठमोठ्या पेशींचा, मध्ये रक्ताची गाठ. ते आईच्या गर्भाशयाचं अस्तर. आणि एका कडेला, नदीकाठच्या वाळूसारखी, बारीक गोल गोल चकत्यांची एक ओळ. झाडाच्या डहाळ्या आडव्या कापल्या तर दिसतात तशी. डॉक्टर म्हणाले, हे मुलीचं.

सर बराच वेळ डोळा लावून राहिले. मग त्यांनी विचारलं, ही स्लाइड देता का. डॉक्टर म्हणाले की नियमाने देता येत नाही, या केसची एवढीच खूण उरली आहे. आणि दिली तरी या काठातून मूठभर पेशी निघतील, त्यातून तुमच्या बाईंचं भागणार नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी चहा मागवला. मी तुम्हाला स्लाइड देऊ का म्हणून विचारलं होतं, असं काही ते म्हणाले नाहीत. चांगली माणसं वाईट प्रसंगी फार त्रास देतात.

बहिणीकडे गेले तेव्हा ती प्रुफं घेऊन बसली होती. पोट आता दिसत होतं. मेहुणे सैल झालेला दरवाज्याचा बिजागर घट्ट करत होते. सरांनी सगळं सांगितलं, सरळ, मेलमध्ये सांगावं तसं. काय पाठवलं, काय चुकलं, कोणी चुकवलं. आईवडिलांचं वाचन पूर्ण होणार होतं. दोघांत एकाच जनुकाचा बिघाड मिळाला तर काही बोलता येईल. नाही मिळाला, तरी खात्री नाही. मुलीचं मात्र आता कधीच कळणार नाही.

बिजागराचा आवाज थांबला होता.

"म्हणजे त्या ठोकळ्यात ती नव्हती," धाकटी म्हणाली.

"तू होतीस. बहुतेक."

"मग बसमध्ये मी मलाच मांडीवर घेऊन बसले होते."

सांत्वनाचे शब्द सरांना कधीच जमले नव्हते. भोपळ्यांना ते लागत नाहीत. ते म्हणाले की मी स्लाइड बघायला हवी होती. हे ते तिसऱ्यांदा म्हणत होते.

"दादा, पुरे," ती म्हणाली. "प्रुफात राहिलेली चूक कितीदा मोठ्याने वाचली तरी पुस्तक छापून गेलेलं असतं." मग थोड्या वेळाने, "बहुतेक म्हणजे किती?"

"शंभरात चौऱ्याण्णव."

"आणि सहा?"

"सहा तिचे."

तिने हातातला कागद उलटा ठेवला. "मग होती ना," ती म्हणाली. "थोडी होती."

मेहुणे उठून आत गेले आणि नळ सोडल्याचा आवाज आला, तो पुष्कळ वेळ येत राहिला. बाहेर येऊन त्यांनी ओले हात पँटला पुसले.

"ते आता कुठंय?" त्यांनी विचारलं. "जे काय केलंय त्यांनी त्याचं. लायब्ररी."

सरांनी सांगितलं की केंद्राच्या शीतपेटीत एका नळीत असेल, थेंबभर. काम संपलं की ठरावीक दिवसांनी टाकून देतात. सगळ्यांचंच टाकतात.

"मागव," धाकटी म्हणाली.

"त्याचा काही उपयोग नाही आता. घरी ते ठेवता पण येत नाही नीट. खराब होईल."

"मी उपयोग विचारला का?"

त्यांनी तिथेच, तिच्या प्रुफांशेजारी बसून मेल लिहिला. आईवडिलांचा अहवाल नंतर येणारच होता, त्यातून कुणाला फार काही कळणारही नव्हतं. तो आला तेव्हा त्यात 'आढळले नाही' असं लिहिलेलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून, या वेळी गोल-चौकोन न काढता, सांगितलं की आशा ठेवायला हरकत नाही, पण मी शब्द देऊ शकत नाही. सोनोग्राफी दर पंधरा दिवसांनी. धाकटी प्रत्येक वेळी तिथल्या पडद्याकडे न बघता डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघायची. पण हे पुढचं. त्या संध्याकाळी फक्त मेल होता, आणि त्यात पहिल्यांदाच एकच प्रश्न होता.

"बाई, नमस्कार. नमुना तीनच्या लायब्ररीतलं जे उरलं असेल, ते टाकून न देता परत पाठवता येईल का? वाचण्यासाठी नको आहे."

ते पाठवणार एवढ्यात धाकटीने त्यांचा हात धरला. तिने पडद्यावर बोट ठेवलं, 'नमुना तीन' या शब्दांवर, जसं प्रुफात चुकीवर ठेवतात. मग तिने एक नाव सांगितलं. मेहुण्यांनी वर पाहिलं. ते त्यांनाही माहीत नव्हतं. सरांनी ते दोन्ही शब्द खोडून तिथे ते नाव टाइप केलं, ते तिने एकदा वाचलं, आणि म्हणाली, "बरोबर आहे. जाऊ दे."

बाईंनी केंद्रात असं नियमात बसत नाही वगैरे काही लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं, उद्याच्या कुरिअरने पाठवते. नळीवर तेच नाव घालते.